विलंबित निर्यातीचे पत्र : तारखांच्या दृष्टीने एक चिकित्सा

परदेशी ग्राहकाला ठरलेल्या मुदतीत माल रवाना करता येत नाही असे दिसू लागले की लहान निर्यातदार एक पत्र लिहितो. त्यात दिलगिरी असते, कारण असते आणि लवकरच माल पाठवू असे आश्वासन असते. अशा पत्राकडे सौजन्याचा एक प्रकार म्हणून पाहण्याची प्रवृत्ती विद्यार्थ्यांत आढळते, आणि काही अंशी व्यापाऱ्यांतही आढळते. वस्तुतः हे पत्र म्हणजे झालेल्या करारातील एक अट बदलण्याचा प्रस्ताव होय. तो प्रस्ताव केव्हा केला, कोणत्या तारखा मागितल्या आणि त्यास कोणाची संमती मिळाली यांवर निर्यातदाराचे पैसे अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात अशा एका पत्राचा नमुना घेऊन त्यातील तारखांचा अर्थ तपासावयाचा आहे.

जहाजभरणीच्या तारखेला व्यापारी कायद्यात किती वजन आहे हे बोज विरुद्ध शँड या १८७७ सालच्या इंग्लिश खटल्यावरून समजते. मद्रासचा तांदूळ मार्च व एप्रिल, १८७४ या महिन्यांत जहाजावर चढवावयाचा असा करार होता. प्रत्यक्षात बहुतेक सर्व तांदूळ फेब्रुवारीतच चढविण्यात आला. माल तोच होता, प्रतीबद्दलही वाद नव्हता; तरीही ग्राहकास तो नाकारण्याचा अधिकार आहे असा निर्णय हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने दिला. भरणीचा महिना हा मालाच्या वर्णनाचाच भाग आहे, म्हणून फेब्रुवारीत चढविलेला तांदूळ हा करारात वर्णिलेला तांदूळ नव्हे, अशी त्यामागील विचारसरणी होती. माल वेळेआधी चढविला असता ही गत, तर उशिरा चढविणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी हे सांगणे नलगे.

आता उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, परंतु त्यातील प्रत्येक अडचण नित्याची आहे. सोलापुरातील एका लहान निर्यातदाराने हँबुर्ग येथील एका ग्राहकाशी १२,००० सुती टॉवेलांचा सौदा केला आहे. टॉवेल ७० बाय १४० सेंटिमीटरचा, वजन दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम. म्हणजे एक टॉवेल सुमारे ३९२ ग्रॅमचा आणि सर्व माल पावणेपाच टनांच्या आत-बाहेर. रंग तीन : पांढरा, गेरवा आणि निळा, प्रत्येकी ४,००० नग. विक्री ‘सीआयएफ हँबुर्ग’ या अटीवर, म्हणजे जहाजभाडे व विमा विक्रेत्याकडे. पैसे पतपत्रान्वये, म्हणजे ज्याला व्यापारात लेटर ऑफ क्रेडिट अथवा नुसते ‘एल. सी.’ म्हणतात त्यान्वये मिळावयाचे आहेत. पतपत्रात भरणीची अखेरची तारीख ३० एप्रिल, कागदपत्रे भरणीपासून २१ दिवसांत सादर करण्याची अट आणि पतपत्राची मुदत २१ मे अशी आहे. माल तुकड्यांनी पाठविण्यास मनाई आहे.

पांढरे व गेरवे टॉवेल वेळेवर तयार झाले. निळ्या टॉवेलांपैकी मागावरून प्रथम उतरलेले नमुने प्रयोगशाळेत धुण्याच्या कसोटीस लावले, तेव्हा शेजारच्या पांढऱ्या कापडावर निळी झाक उतरली. रंगाचा पक्केपणा पाच अंकांच्या श्रेणीवर मोजतात. ग्राहकाने ४ ची अट घातली होती, नमुन्यास ३ मिळाले. दोष विणकामाचा नव्हता, रंगविलेल्या सुताचाच होता. त्यामुळे निळ्या सुताचा तो संपूर्ण घाणा बाद करून नवे सूत रंगविणे प्राप्त झाले. अहवाल ७ एप्रिलला हाती आला. पुढील पत्र ८ एप्रिलचे आहे. मूळ पत्र अर्थात इंग्रजीत जाईल. येथे विवेचनाच्या सोयीसाठी ते मराठीत दिले आहे.

“महाशय,

आपल्या १२,००० टॉवेलांच्या मागणीसंबंधी हे पत्र आहे. पतपत्रानुसार भरणीची अखेरची तारीख ३० एप्रिल आहे. निळ्या रंगाचे ४,००० टॉवेल या तारखेपर्यंत आम्ही पाठवू शकणार नाही, हे कळविताना आम्हांस खेद होतो.

काल मिळालेल्या प्रयोगशाळेच्या अहवालानुसार निळ्या सुताचा धुण्यातील पक्केपणा ३ भरला. आपली अट ४ ची आहे. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. हे सूत आम्ही बाद केले असून नवे सूत रंगविण्यास दिले आहे. पांढरे व गेरवे मिळून ८,००० टॉवेल तयार असून त्यांची तपासणी झाली आहे.

निळ्या मालाचे वेळापत्रक असे : सुताची रंगणी १५ एप्रिलपर्यंत, नव्या सुताचा कसोटी-अहवाल २१ एप्रिलपर्यंत, तो त्याच दिवशी आपणांस पाठवू, विणकाम ८ मेपर्यंत, शिवण, तपासणी व बांधणी १२ मेपर्यंत, न्हावा शेवा बंदरात माल दाखल १५ मे, जहाज १७ मे.

आपल्यापुढे आम्ही दोन पर्याय ठेवीत आहो. पहिला : ८,००० टॉवेल २६ एप्रिलच्या जहाजाने व निळे ४,००० त्यानंतर १७ मेच्या जहाजाने. दुसरा : सर्व १२,००० एकत्र १७ मेच्या जहाजाने. पहिल्या पर्यायात दुसऱ्या खेपेमुळे येणारा वाढीव वाहतूकखर्च आमच्याकडे राहील. पतपत्र-दुरुस्तीचे बँकशुल्क दोन्ही पर्यायांत आम्ही सोसू.

कोणताही पर्याय निवडला तरी भरणीची अखेरची तारीख २४ मे व पतपत्राची मुदत १४ जून अशी वाढवून मिळावी. पहिला पर्याय निवडल्यास तुकड्यांनी माल पाठविण्यास परवानगी देणारी दुरुस्तीही त्याच पत्रकात असावी. २६ एप्रिलच्या जहाजावर जागा राखण्यासाठी आपला निर्णय १४ एप्रिलपर्यंत कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू”

प्रथम पत्राची स्वतःची तारीख पाहावी. ते भरणीच्या अखेरच्या तारखेच्या २२ दिवस आधी लिहिले आहे. या अवधीत ग्राहक आपल्या दुकानदारांशी बोलू शकतो, बँकेकडे अर्ज करू शकतो, वेळ पडल्यास पर्यायी मालाची तजवीजही करू शकतो. तेच पत्र २९ एप्रिलला गेले असते तर त्यातील शब्द कितीही नम्र असले तरी ग्राहकापुढे निवडीचा प्रश्नच उरला नसता. पुष्कळ लहान निर्यातदार ‘आणखी दोन दिवसांत जमेल’ या आशेवर पत्र लांबणीवर टाकतात. माझ्या मते विलंबापेक्षा हा विलंबाचा विलंबच अधिक महाग पडतो, कारण पहिला ग्राहक समजून घेऊ शकतो, दुसरा त्याच्यापासून लपविलेला असतो.

दुसरी गोष्ट कारणाची. पत्रात दोष आपल्याकडील आहे हे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याचा पुरावा जोडला आहे. येथे दैवी आपत्ती, ‘अपरिहार्य परिस्थिती’ इत्यादी शब्दांचा मोह टाळला आहे, हे योग्यच झाले. डिसेंबर, २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाज कंपन्यांनी सुवेझचा मार्ग सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालण्यास सुरुवात केली, आणि युरोपच्या प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. त्या काळात विलंबाच्या पत्रांत हे कारण सर्रास येऊ लागले. परंतु त्याचा कायदेशीर आधार किती दुबळा आहे हे एका जुन्या खटल्यावरून कळते, आणि योगायोगाने त्यातील मालही हँबुर्गलाच जावयाचा होता. ऑक्टोबर, १९५६ मध्ये ३०० टन सुदानी भुईमूग पोर्ट सुदानहून हँबुर्गला, सीआयएफ अटीवर, नोव्हेंबर अथवा डिसेंबरात चढविण्याचा करार झाला. २ नोव्हेंबरला सुवेझ कालवा बंद पडला आणि विक्रेत्यांनी माल चढविलाच नाही. कालव्यातून अंतर सुमारे ४,३८६ मैल होते, केपवरून ११,१३७ मैल. म्हणजे अडीच पटींहून अधिक. तरीही, मार्ग लांब व महाग झाला एवढ्याने करार संपुष्टात येत नाही, विक्रेत्याने केपवरून माल पाठवावयास हवा होता, असा निर्णय हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने १९६१ साली त्साकिरोग्लू खटल्यात दिला.

यातून आणखी एक भेद निघतो, जो विद्यार्थ्यांच्या ध्यानातून बहुधा निसटतो. सीआयएफ विक्रीत विक्रेता वेळेचे वचन देतो ते माल जहाजावर चढविण्याचे. हँबुर्गला पोहोचण्याचे नव्हे. माल जहाजावर चढला की प्रवासातील धोका ग्राहकाचा. म्हणून आपल्या पत्रात पोहोचण्याची तारीख मुळीच दिलेली नाही. ग्राहकाला ती हवी असणार हे उघड आहे, आणि तशी विचारणा झाली तर जहाज कंपनीचा अंदाज म्हणून ती कळविता येईल. पण सुधारित वेळापत्रकात ती लिहिली असती तर न दिलेले एक वचन विक्रेत्याने आपण होऊन गळ्यात बांधून घेतले असते.

आता वेळापत्रकाकडे येऊ. ते पुढून मागे रचलेले आहे हे वाचकाच्या ध्यानी आले असेल. जहाज दर सात दिवसांनी सुटते असे धरले आहे : २६ एप्रिल, ३, १०, १७, २४ मे. विणकाम ८ मेला संपत असल्याने १० मेचे जहाज साधणे शक्य नाही. शिवण व बांधणीला चार दिवस, सोलापूर ते न्हावा शेवा सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता, आणि जहाज सुटण्यापूर्वी बंदराचे दार कंटेनरांसाठी बंद होते तो अवधी, हे सर्व जमेस धरता १७ मे हीच पहिली खरी तारीख ठरते. ‘माल १२ मेला तयार होईल’ हे विधान कारखान्याच्या दृष्टीने खरे असले तरी ग्राहकाच्या दृष्टीने निरर्थक आहे. जहाजे सात दिवसांच्या अंतराने सुटतात, आणि त्यांमधील दिवसांना किंमत नाही. मग पतपत्रात १७ मे न मागता २४ मे का मागितला? कारण एक जहाज चुकले तर दुसरे हाताशी असावे. जहाज कंपनीने जागा दिली नाही, कंटेनर मागे राहिला, पावसाने रस्ता अडला, तर १७ मेची तारीख गाठणे निर्यातदाराच्या हाती राहत नाही. ग्राहकाला सांगावयाची तारीख व बँकेकडून मागावयाची तारीख यांत एका जहाजाचे अंतर ठेवणे हा या पत्रातील सर्वांत व्यवहारी भाग आहे. दुसरी मुदतवाढ मागण्याची पाळी आली तर पहिल्या पत्राची सगळी विश्वासार्हता वाया जाते.

वेळापत्रकातील २१ एप्रिलची तारीखही विशेष आहे. त्या दिवशी नव्या सुताचा अहवाल ग्राहकाच्या हाती पडावयाचा आहे. म्हणजे विणकाम सुरू होण्यापूर्वी, शब्द पाळला जात आहे की नाही हे त्याला स्वतः पडताळता येते. ‘काम जोरात चालू आहे’ या वाक्याला असा पडताळा नसतो.

यापुढचा भाग बँकेचा. पतपत्राचे व्यवहार पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी संघाने (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स) तयार केलेल्या ‘यूसीपी ६००’ या नियमावलीप्रमाणे चालतात. ती १ जुलै, २००७ पासून अमलात आहे. तीनुसार पतपत्र हे विक्रीच्या करारापासून स्वतंत्र असते आणि बँक कागदपत्रे पाहते, माल पाहत नाही. याचा अर्थ असा की, ग्राहकाने ‘ठीक आहे, मेमध्ये पाठवा’ असे उत्तर दिले तरी बँकेच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. पतपत्र देणारी बँक, त्यास हमी जोडणारी बँक असल्यास ती, आणि लाभार्थी निर्यातदार या सर्वांच्या संमतीनेच दुरुस्ती होते. ग्राहकाच्या गोड उत्तरावर विसंबून माल चढविणारा निर्यातदार ठरल्या किमतीचा माल हवाली करतो आणि हाती घेतो ते एक सदिच्छापत्र.

पत्रात भरणीची तारीख व पतपत्राची मुदत या दोन्ही एकदम वाढवून मागितल्या आहेत, त्याचे कारण साध्या बेरजेत आहे. भरणी २४ मेपर्यंत आणि कागदपत्रांस २१ दिवस, म्हणजे १४ जून. केवळ भरणीची तारीख वाढली आणि मुदत २१ मेच राहिली तर १७ मेला माल चढवूनही बिल ऑफ लेडिंग, विमापत्र व उगमस्थानाचा दाखला चार दिवसांत गोळा करून बँकेत द्यावे लागतील. आणि २४ मेच्या जहाजाने माल गेला तर मुदत आधीच संपलेली असेल. ही चूक घाईत होते आणि दुरुस्तीपत्रक हाती येईपर्यंत लक्षात येत नाही. शिवाय दुरुस्तीपत्रकाचा काही भाग स्वीकारून काही नाकारण्याची सोय नियमावलीत नाही. अंशतः स्वीकार हा नकारच समजला जातो. म्हणून पत्रातील दोन पर्याय ग्राहकासाठी आहेत, बँकेसाठी नाहीत. ग्राहकाने एक निवडावा आणि त्याचीच संपूर्ण दुरुस्ती एका पत्रकात यावी.

दोन पर्याय ठेवण्याचेही कारण आहे. हँबुर्गचा ग्राहक टॉवेल सुटे विकतो की तीन रंगांचा संच करून विकतो हे सोलापुरात बसून कळत नाही. सुटे विकत असेल तर ८,००० नग वेळेवर मिळणे त्याला मोलाचे. संच करीत असेल तर निळ्यावाचून उरलेला माल त्याच्या गोदामात नुसता पडून राहील. किमतीत सूट देण्याचा मार्ग मात्र पत्राने टाळला आहे. पतपत्रात दर नमूद असल्यास दर बदलणे म्हणजे आणखी एक दुरुस्ती; त्यापेक्षा वाढीव खर्च आपल्याकडे घेणे सोपे आणि मोजण्यासारखे असते.

ग्राहकाने उत्तरच दिले नाही तर? येथे कायद्यांची उत्तरे भिन्न आहेत. बँकेच्या बाबतीत मौनाला संमतीचा अर्थ नाही. दुरुस्ती झाली नाही म्हणजे जुन्या तारखा कायम. विक्रीच्या कराराला जर्मन कायदा लागू असेल तर १९८० च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय विक्री-कराराचा आधार मिळू शकतो; जर्मनी त्यात सामील आहे, भारत नाही. त्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणे विक्रेत्याने अमुक मुदतीत पूर्तता स्वीकाराल काय असे विचारले आणि ग्राहकाने वाजवी वेळेत उत्तर दिले नाही, तर त्या मुदतीत विक्रेता पूर्तता करू शकतो. मात्र विचारणा ग्राहकाला पोहोचलेली असली पाहिजे आणि तिच्यात मुदत सांगितलेली असली पाहिजे. वेळापत्रक निश्चित तारखांत लिहिण्याला असे हे कायदेशीर फळ आहे. ‘लवकरात लवकर’ या शब्दांना ते येत नाही. भारतीय कायदा लागू असेल तर १८७२ च्या करार अधिनियमाचे ६३ वे कलम ग्राहकाला मुदत वाढविण्याची मोकळीक देते. ५५ व्या कलमाची भर अशी की, वेळ हीच महत्त्वाची अट असलेल्या करारात उशिरा झालेली पूर्तता ग्राहकाने स्वीकारली, तर ती स्वीकारताना तशी सूचना दिल्यावाचून त्याला विलंबाची भरपाई मागता येत नाही. म्हणून ग्राहकाचे उत्तर आल्यावर त्यात ‘आमचे हक्क राखून’ अशा आशयाचे शब्द आहेत काय हे निर्यातदाराने बारकाईने वाचावे. ते असतील तर मुदत मिळाली आहे, माफी मिळालेली नाही.

दुरुस्ती वेळेवर आली नाही, किंवा २४ मेचेही जहाज चुकले, तर एक वाईट वाट समोर दिसते : बिल ऑफ लेडिंगवर मागील तारीख घालून घेणे. पतपत्राच्या दृष्टीने भरणीची तारीख ती, जिच्यावर माल प्रत्यक्ष जहाजावर चढला. कंटेनर २९ एप्रिलला बंदरात दाखल झाला आणि २ मेला चढला, तर भरणी २ मेची. या तीन दिवसांचे अंतर खोडून काढण्याची विनंती जहाज कंपनीच्या दलालाला केली जाते, आणि कधी कधी तो मान्यही करतो. १९७६ साली पेरूला जाणारी यंत्रसामग्री १५ डिसेंबरपर्यंत चढवावयाची होती. ती १६ ला चढली आणि बिलावर १५ तारीख लिहिली गेली. एका दिवसाच्या या खोट्या नोंदीवरून चाललेला वाद १९८२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेला. खोटी तारीख जहाजाच्या दलालाच्या नोकराने परस्पर घातली होती, विक्रेत्यांना ती ठाऊक नव्हती, म्हणूनच विक्रेत्यांचा हक्क टिकला. स्वतः सांगून तारीख बदलून घेणाऱ्याला हा आसरा नाही. जहाजाच्या हालचालींची नोंद आता कोणालाही तपासता येते, तेव्हा उघडकीस येण्यास वेळही लागत नाही.

प्रामाणिक वाट अशी की खरी तारीख असलेली कागदपत्रेच सादर करावी. बँक विसंगती नोंदवील आणि आपल्या इच्छेनुसार ग्राहकाला विचारील की ही विसंगती सोडून द्यावयाची काय. ग्राहक ‘होय’ म्हणाला तर विसंगतीचे शुल्क वजा होऊन पैसे मिळतील. ‘नाही’ म्हणाला तर माल हँबुर्गच्या बंदरात आणि किमतीची बोलणी नव्याने, तीही ग्राहकाच्या अटींवर. त्या वेळी ८ एप्रिलचे पत्र, २१ एप्रिलचा अहवाल आणि त्यांची पोच हीच काय ती निर्यातदाराच्या बाजूची कागदपत्रे असतात.